मदत हवी आहे: भागीदारीपत्रातील कलमे नव्या भागीदाराला कशी समजावावीत?

धागाकर्ता: आम्ही दोघे जुने भागीदार असून तिसऱ्याला सोबत घेत आहोत. भांडवल अनुक्रमे 6, 4 आणि 2 लाख, तर नफ्याची वाटणी 40, 40 आणि 20 टक्के ठरली आहे. व्यवसाय बंद पडल्यास आपले 2 लाख परत मिळतील ना, असे नवे भागीदार विचारतात. मसुद्यात मात्र ‘देणी भागवून उरलेली रक्कम भागीदारांना दिली जाईल’ एवढेच वाक्य आहे. त्यांना नेमके काय सांगावे?

सभासद 1: उरलेली रक्कम भांडवलाच्या प्रमाणात वाटायची. 7 लाख उरले, तर त्यांना साधारण 1 लाख 17 हजार मिळतील.

सभासद 2: देणी आधी, भांडवल नंतर, हा क्रम बरोबर आहे, वाटणीची रीत मात्र चुकली. भांडवलात आलेली तूट हा तोटाच असतो आणि वेगळे काही ठरले नसेल, तर तो नफ्याच्याच प्रमाणात सोसावा लागतो. 12 पैकी 7 लाख उरले म्हणजे तूट 5 लाखांची. ती 2, 2 आणि 1 लाख अशी विभागली की तिघांच्या हाती 4, 2 आणि 1 लाख येतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. केवळ 1 लाख उरल्यास तूट 11 लाखांची होते, नव्या भागीदारांच्या वाट्याला 2 लाख 20 हजार येतात आणि त्यांना 20 हजार खिशातून भरावे लागतात. हे त्यांना सहीपूर्वीच कागदावर मांडून दाखवा.

सभासद 3: मी भागीदारीतून निवृत्त झालो, तेव्हा मालाचे मूल्य खरेदीच्या भावाने धरायचे की बाजारभावाने, यावरच वाद झाला, कारण करारात त्याविषयी अक्षरही नव्हते. आपल्या मसुद्यात ते आहे का?

धागाकर्ता: नाही, ते घालून घेतो. मात्र दरमहा उचल घेण्याची मुभा आहे. तिचा या हिशेबाशी संबंध येतो का?

सभासद 2: येतो. उचल हा पगार नव्हे, ती त्यांच्याच खात्यातून वजा होते. वर्षभरात 1 लाख उचलले आणि नफ्यातील वाटा 60 हजारच आला, तर भांडवल 1 लाख 60 हजारांवर येते, आणि तूट त्यातूनच वळती होते. म्हणून उचलीची कमाल मर्यादा लिहा.

सभासद 3: निवृत्तीची सूचना ग्राहक-पुरवठादारांना देण्याचेही कलम हवे, अन्यथा नंतरच्या व्यवहारांचीही जबाबदारी गळ्यात पडू शकते. माझे पैसे हप्त्यांनी मिळाले, ते मला जाचक वाटले.

सभासद 2: हप्ते नसतील, तर उरलेल्यांची रोकड एकदम आटते. किती हप्ते असावेत, हे तिघांनीच बसून ठरवावे.