मदत हवी आहे: फायरची टाकी पार्किंगखाली, पंप वर, जमेल का? (बडोदा)

रेघोट्या: नमस्कार मंडळी, गोत्रीला तळमजला अधिक दहाची रेसिडेन्शियल बिल्डिंग आहे, खाली एक बेसमेंट. कन्सल्टंटनी 75 हजार लिटरची फायर टाकी सांगितलीये. पार्किंग खायचं नाही म्हणून मी 5 बाय 6 मीटरची, अडीच मीटर खोल टाकी बेसमेंटच्या फरशीखाली टाकली आणि पंप तिच्यावरच, बेसमेंटच्या कोपऱ्यात. हिशोब बरोबर 75 येतोय. पण एक सीनियर म्हणाले नापास होईल आणि कारण न सांगताच फोन ठेवला.

पाणीवाला: पंपाच्या सक्शन पाइपच्या तळाला फूट व्हॉल्व लावा की, पाणी परत खाली उतरत नाही, आमच्याकडे सगळीकडे तसंच आहे, मस्त चालतं.

जुना_फायरवाला: चालतं, पण फूट व्हॉल्व थोडा गळायला लागला की सक्शन लाईन रिकामी होते आणि आग लागेल त्या दिवशी पंप नुसता हवा घुसळतो. म्हणून पाणी पंपाच्या वर उभं राहील अशी टाकी हवी, म्हणजे पंप रूम टाकीच्या शेजारी आणि दोन्हींचा तळ एका लेव्हलला. खाली टाकी ठेवायचीच असेल तर सक्शन लाईन भरलेली ठेवणाऱ्या प्रायमिंग टाकीची जागा आत्ताच सोड. आणि रेघोट्याभाऊ, तुझे 75 कागदावरच आहेत, वर ओव्हरफ्लोपर्यंत 30 सेंमी गेले, खाली सक्शन पोचत नाही ते 30 सेंमी धर, उरले 1.9 मीटर, म्हणजे 57 हजार.

गृहिणी_अलकापुरी: आमच्या सोसायटीत टाकीचं पाणी वास मारतं, कोणी साफ करायला येईल का?

जुना_फायरवाला: ताई, प्रश्न वेगळा आहे, पण वासाचं एक कारण इथलंच असू शकतं. महापालिकेचं पाणी आधी फायरच्या टाकीत सोडायचं आणि तिच्या ओव्हरफ्लोने घरगुती टाकी भरायची, म्हणजे पाणी फिरतं राहतं आणि फायरचा साठा कोणी वापरून संपवत नाही. दोन टाक्यांमधली भिंत मात्र नकाशातच दाखवावी लागते.

विश्वामित्री_काठ: हे सगळं ठीक, पण ऑगस्ट 2024 ला आमच्या बेसमेंटमध्ये पुराचं पाणी भरलं आणि पॅनल, डिझेल पंप, सगळंच बुडालं. तेव्हा पंप खाली नेताय ते बघून घ्या.

रेघोट्या: बाप रे, म्हणजे सक्शनसाठी खाली आणि पुरासाठी वर? मग करू काय?

जुना_फायरवाला: व्हर्टिकल टर्बाइन पंप बघ. पाणी उचलणारे बाऊल पाण्यात बुडलेले, मोटर आणि पॅनल ग्राउंडला, प्रायमिंगची भानगड नाही. महाग पडतो, आणि शाफ्ट वर ओढून काढायला पंपाच्या डोक्यावर उंची किंवा उघडणारा स्लॅब लागतो, तिथे बाल्कनी काढून ठेवू नकोस.

पाणीवाला: टाकी मग ड्राइव्हवेखाली घ्या ना, पार्किंग वाचेल.

जुना_फायरवाला: चालेल, पण वरून बंब जाणार, तो 45 टनांचा धरून स्लॅब डिझाइन करायला स्ट्रक्चरलवाल्याला आधी सांग, आणि बंबाला पाणी ओढायचं झाकण गाड्या उभ्या राहतात तिथे नको.

रेघोट्या: ड्राइव्हवे करून बघतो. टर्बाइनचं क्लायंटला सांगितलं तर किंमत विचारेल, ती कन्सल्टंटकडूनच घेतो. पूररेषा इथे किती धरायची, हे कोणी सांगेल का?