रिक्रूटरच्या जाहीर पोस्टखाली चार ओळी: नेमकं काय लिहायचं? (अनुभव धागा)

जुळे सोलापूर (धागाकर्ती)

लिंक्डइनवर कुणी "आमच्याकडे जागा आहेत" असं टाकलं की तासाभरात खाली "Interested", "Interested sir", "Pls check DM" यांची रांग लागते. त्या रांगेतून माणूस निवडला कसा जातो, हे माहीत असणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःचे किस्से नकोत. काय लिहायचं, कुठल्या क्रमाने आणि काय चुकतं, एवढंच सांगा. चर्चा भरकटू नये म्हणून मी एक नमुना पोस्ट रचली आहे, तीच धरून बोलू:

> टेरी टॉवेल निर्यात युनिट, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर. क्वालिटी सुपरवायझर, २ जागा. अनुभव ३ ते ५ वर्षे. रेपियर लूमवरील तपासणी व फायनल इन्स्पेक्शन येणे आवश्यक. लवकर रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. इच्छुकांनी खाली लिहावे व सीव्ही मेल करावा. मेलच्या विषयात QS-CHN लिहावे.

होटगी रोड

भरतीचं काम रोज करते, म्हणून वाचणारा काय करतो तिथून सुरुवात करते. या कॉमेंट आम्ही बहुतेक वेळा मोबाइलवर, दोन कामांच्या मध्ये वाचतो. लांब कॉमेंट मोबाइलवर दुमडते, ती उघडायला कुणी थांबत नाही. प्रत्येक कॉमेंटपाशी डोक्यात दोनच प्रश्न असतात: हा माणूस या जागेत बसतो का, आणि याचा सीव्ही माझ्याकडे आलाय का? दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही मेलबॉक्समध्ये नाव टाकून शोधतो. म्हणून आधी मेल पाठवा, मग कॉमेंट करा. उलट केलं की आम्ही शोधतो तेव्हा मेल नसतो, आणि तेच नाव पुन्हा शोधायला कुणी परत येत नाही.

नाव प्रोफाइलवर, सीव्हीवर आणि मेलच्या पाठवणाऱ्यात एकच हवं. प्रोफाइलवर टोपणनाव, सीव्हीवर पूर्ण नाव आणि मेल भावाच्या खात्यावरून, असं फार दिसतं. मग शोधूनही सापडत नाही.

कॉमेंट अशी:

> QS-CHN, क्वालिटी सुपरवायझर पदासाठी इच्छुक. टेरी टॉवेल युनिटमध्ये ४ वर्षे: रेपियर लूमवर तपासणी आणि ४-पॉइंट पद्धतीने फायनल इन्स्पेक्शन. राहणार सोलापूर, नोटीस ३० दिवस. सीव्ही आज सकाळी याच विषयाने मेल केला आहे.

पद आणि कोड पहिल्या ओळीत, कारण एकाच पोस्टखाली कधी कधी चार पदं असतात. अनुभवाचे शब्द पोस्टमधलेच. त्यांनी "रेपियर" लिहिलंय तर तुम्ही "शटललेस" लिहू नका. अर्थ जवळचा असला तरी नजर अडते. "मेहनती", "टीम प्लेअर", "संधी मिळाल्यास सोनं करीन" हे सगळं काढा. ते खोटं असतं असं नाही, पण ते सगळेच लिहितात, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही.

पाच हजार फॉलोअर्स

एवढं कशाला? पोस्ट पडल्यावर पहिल्या तासात CFBR लिहायचं. पोस्ट वर येते, रिक्रूटर खूश होतो, तुमचं नाव लक्षात राहतं. तासाभरानंतर लिहिलंत तर काहीही लिहा, उपयोग शून्य.

होटगी रोड

लवकर लिहिण्याचा फायदा आहे, ते बरोबर. पहिले वीस-तीस जण आम्ही जास्त नीट वाचतो. कॉमेंटने पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोहोचते, हेही खरं. पण CFBR म्हणजे "पोस्ट पसरावी म्हणून लिहितोय". म्हणजे तुम्हाला स्वतःला जागा नको आहे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो आणि पुढे जातो. आणि तासाभरानंतर शून्य, हे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेली नेमकी कॉमेंट उचलली जाते, कारण तोवर पहिल्या यादीतले निम्मे फोन उचलत नाहीत किंवा पगारावर अडतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

ताई, तुमचा साचा चांगला आहे, पण नमुन्यात एक चूक आहे, आणि ती प्रॉडक्शनवाल्याच्या डोळ्यात लगेच भरेल. ४-पॉइंट पद्धत थानाला लावतात. कापड तपासणीच्या टेबलावरून सरकतं, दोष दिसला की लांबीप्रमाणे पॉइंट: ३ इंचांपर्यंत १, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्यापुढे ४. टॉवेल मात्र कापून, शिवून, घडी होऊन फायनलला येतो तेव्हा तो नग असतो. तिथे लॉटमधून ठरावीक नग काढून AQL ने पास-नापास ठरतं. त्यामुळे "४-पॉइंट पद्धतीने फायनल इन्स्पेक्शन" असं वाचलं की वाटतं, या माणसाने दोन्ही शब्द ऐकलेत, काम केलेलं नाही.

हे इतकं उलगडून सांगतो कारण तांत्रिक पदाची कॉमेंट शेवटी एचआरकडून आमच्याकडे स्क्रीनशॉट होऊन येते. मधली ओळ मी अशी लिहीन:

> टेरी टॉवेल युनिटमध्ये ४ वर्षे: रेपियर लूमवर तपासणी (लूप ओढणे, बाणा तुटणे, स्टार्टिंग मार्क), थानाची ४-पॉइंट तपासणी, नगाचे फायनल इन्स्पेक्शन AQL २.५ वर.

दोषांची दोन-तीन नावं पुरतात. लूमपाशी उभा राहिलेला माणूस तीच नावं घेतो, त्यावरून ओळखू येतं. AQL चा आकडा मात्र तुमच्या युनिटात जो होता तोच लिहा, इथला उचलू नका. फोनवर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

होटगी रोड

मान्य. आमच्या बाजूला हे कळत नाही, म्हणूनच तुमच्याकडे पाठवतो. माझ्या नमुन्यातली ती ओळ बाद समजा.

विजापूर रोड

माझं वेगळंच आहे. बाळंतपणानंतर दोन वर्षं नोकरी नव्हती. कॉमेंटमध्ये ते लिहायचं का? लपवलं असं वाटायला नको.

होटगी रोड

कॉमेंटमध्ये नको. ते चारचौघांसमोरचं ठिकाण आहे, तिथे कारण देण्याची गरज नाही. सीव्हीत वर्षं आणि महिने खरे असू द्या, म्हणजे लपवलं असं होत नाही. मेलमध्ये एक ओळ पुरे: "२०२३ ते २०२५ कौटुंबिक कारणाने कामात खंड, आता पूर्णवेळ उपलब्ध." कॉमेंटमध्ये नोटीसच्या जागी "लगेच रुजू होऊ शकते" लिहा. या पोस्टमध्ये त्यालाच प्राधान्य आहे, ते तुमच्या बाजूचं आहे.

सात रस्ता

भरतीची जाहिरात कधी येणार आणि परीक्षा फी किती, ते कुणी सांगेल का? वयोमर्यादा ३८ धरतात का?

जुळे सोलापूर (धागाकर्ती)

काका, हा धागा खासगी कंपनीच्या पोस्टला उत्तर कसं द्यायचं याचा आहे. सरकारी भरतीचं त्या त्या खात्याच्या मूळ जाहिरातीतच बघा. फी आणि वयाची अट तिथे असते.

कंबर तलाव

सध्या नोकरीत असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. कॉमेंट तुमच्या प्रोफाइलच्या Activity मध्ये दिसते आणि ओळखीच्यांच्या फीडवरही जाऊ शकते. सोलापुरात टॉवेलचा धंदा म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात. मालकाच्या पुतण्यापर्यंत ती संध्याकाळीच पोहोचेल. पुष्कळ जण सांगतात की Open to Work फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवलं की झालं. ते अर्धंच. ती सोय तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवण्याचा प्रयत्न करते, खात्री देत नाही. आणि जाहीर कॉमेंटवर तिचा काही परिणामच नाही.

अशा वेळी कॉमेंट टाळा, नुसता मेल करा. पोस्टमध्ये "खाली लिहावे" असलं तरी मेलमध्ये सांगा: "सध्या नोकरीत असल्याने पोस्टखाली लिहिलेले नाही." समजून घेतात.

होटगी रोड

हो, घेतात. त्यासाठी कुणाला बाद केल्याचं पाहिलेलं नाही.

अशोक चौक

फोन नंबर टाकावा का? कारखान्याचे लोक थेट फोन करतात ओ, मेलबिल कोण बघत बसतं.

कंबर तलाव

जाहीर नको. तिथून नंबर उचलून "तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असे फोन येतात, आणि त्यांना पदाचं नावही माहीत असतं, कारण तुम्हीच ते वर लिहिलेलं असतं. नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा. नंबर सीव्हीवर आणि मेलच्या शेवटी टाका.

अशोक चौक

बरोबर हाय, पण छोट्या युनिटांचं काय? त्यांचा मेलच साध्या जीमेलचा असतो. मग खरा कोण, खोटा कोण, कसं ओळखायचं? आमच्याकडे तर निम्म्या जागा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर येतात, तिथे नंबर दिल्याशिवाय भागत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

जीमेल दिसलं म्हणून खोटा, असं इथे म्हणता येणार नाही, ते खरं आहे. पत्ता एमआयडीसीतला असेल तर प्लॉट नंबर विचारा आणि गेटवर जाऊन वॉचमनला विचारा. चिंचोळी काही लांब नाही. खरा असेल तो प्लॉट नंबर लगेच सांगतो. ग्रुपवर नंबर द्यायचा की नाही यावर माझं मत पक्कं नाही. ग्रुप ओळखीच्यांचा असेल तर मी देईन.

पाच हजार फॉलोअर्स

अनुभव ३ वर्षं मागितलाय आणि २ असेल तर ३ लिहून टाका. कॉमेंट कोण तपासतंय?

होटगी रोड

सीव्हीवरच्या तारखांची बेरीज होते. कॉमेंटमध्ये ३ आणि सीव्हीत २ वर्षं १ महिना निघाला की उमेदवार तिथेच संपतो, एरवी बसला असता तरी. "२ वर्षे" असंच लिहा आणि त्यापुढे पोस्टमधलं नेमकं काम जोडा. दोन जागांपैकी एक भरत नसेल तर २ वर्षवाल्याला बोलावतात. नोटीसचंही तसंच. ९० दिवस असतील तर ९० लिहा, "negotiable" नको. त्यातून आम्हाला एकही तारीख कळत नाही.

सीव्हीचं सांगायचं राहिलं. तो पीडीएफमध्येच आणि मेलला जोडलेला हवा. ड्राइव्हची लिंक दिली की बहुतेकदा समोर Request access येतं. ती परवानगी तुम्ही रात्री देता, आम्ही यादी दुपारीच पाठवलेली असते. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि QS-CHN असू द्या. "resume final new 2" नावाच्या चाळीस फाइल एका फोल्डरमध्ये पडलेल्या असतात.

विजापूर रोड

पोस्ट मराठीत असेल तर कॉमेंट मराठीत चालेल?

होटगी रोड

पोस्ट ज्या भाषेत, त्या भाषेत. ही मराठीत आहे म्हणून मराठी. सीव्ही मात्र इंग्रजीत, कारण तो पुढे बाहेरच्या ऑडिटरलाही दाखवावा लागतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

इथे माझं जमत नाही ताई. सुपरवायझरला लूमवाल्यांशी तेलुगू, मराठी, हिंदी बोलावं लागतं. मराठी सीव्ही आला तर मी बाजूला ठेवत नाही. उलट तेलुगू येत असेल तर ते कॉमेंटमध्येच लिहा, आमच्या भागात त्याला वजन आहे.

विजापूर रोड

तेलुगू येतं. मेल केला, कॉमेंटही केली, चार दिवस झाले. पुन्हा कॉमेंट करू का?

होटगी रोड

पुन्हा कॉमेंट नको. त्याच मेलला उत्तर म्हणून एक ओळ पाठवा, नवा मेल नको, म्हणजे सीव्ही खालीच दिसतो: "QS-CHN साठी मंगळवारी सीव्ही पाठवला आहे. मुलाखतीला कोणत्याही दिवशी येऊ शकते." आणि त्यात तेलुगूचंही लिहा.