मॅपवरचा निळा ठिपका भलत्याच गल्लीत, आणि ड्रायव्हर तिकडेच… तुमचे अनुभव लिहा

घोडबंदरची_मी
काल नणंद आली होती, तिला परतीची गाडी बुक करून देताना तिच्या फोनवर आमचा ठिपका मागच्या गल्लीत दिसला आणि मला दोन वर्षांपूर्वीची ती पहाट आठवली, म्हणून धागा काढतेय.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, साडेसहाला ॲडमिट व्हायचं होतं. आम्ही मानपाड्याच्या पुढे, सर्व्हिस रोडवरून आत. आमचे टॉवर 28 मजल्यांचे, पाठीमागच्या कॉम्प्लेक्सचे पण साधारण तेवढेच, मध्ये कंपाउंडची भिंत, आणि इकडून तिकडे जायला एक फटसुद्धा नाही. पावणेसहाला गाडी बुक केली. ड्रायव्हरदादांचा फोन, मॅडम मी लोकेशनवर उभा आहे. मी म्हटलं, मी पण गेटवरच आहे हो. त्यांनी हॉर्न वाजवला तर तो मला भिंतीपलीकडून ऐकू आला! सरळ मोजलं तर तीस-चाळीस मीटर पण नसेल, पण गाडीला परत मेन रोड, पुलाखालून यू टर्न, पुन्हा सर्व्हिस रोड. आई वॉचमनकाकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडीवर फाईल धरून बसलेली, एका शब्दाने काही बोलली नाही, पण तिचा हात फाईलच्या गाठीवरून सुटत नव्हता. अठरा मिनिटं गेली. पोचलो वेळेत म्हणजे जेमतेम.

तेव्हापासून मी कधीही "करंट लोकेशन" तसंच ठेवून बुकिंग करत नाही. मॅप सॅटेलाइटवर टाकते, बोटांनी मोठा करते, आमच्या गेटबाहेरचं गुलमोहराचं झाड आणि वॉचमन केबिनचं निळं पत्र्याचं छप्पर शोधते आणि पिन तिथे रस्त्यावर नेऊन ठेवते. तुम्ही काय करता? आणि असं होतं का मुळात?

पाचपाखाडी
सेम सेम सेम!! आमच्याकडे तर डिलिव्हरीवाला रोज मागच्या बिल्डिंगच्या वॉचमनशी वाद घालतो.

खारघर_से.20
फोन हातात धरून आठचा आकडा काढायचा हवेत, तीन-चार वेळा. मी नेहमी करतो, लगेच नीट होतं. सेन्सर अडकलेला असतो.

उलवेकर_सुमेध
लोकेशन शेअरला 'प्रिसाइज' ऑन आहे का बघा सगळ्यांनी, माझ्या बाबांच्या फोनमध्ये ते बंद होतं, मग नुसता सेक्टरच दाखवायचं, गल्लीबिल्ली काही नाही. ॲपची परमिशन उघडली की आत एक बटण असतं.

मोजणीवाला
मी जमीन मोजणीचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे थोडं लिहितो, साइटवर आहे, तुटक झालं तर सांभाळून घ्या.

@खारघर, आठच्या आकड्याने फोनचा कंपास सुधारतो. म्हणजे ठिपक्यातून जो दिशेचा झोत निघतो ना, तो बरोबर दिशेला वळतो. ठिपका मात्र जागचा हलत नाही. तुम्हाला लगेच नीट झालंय असं वाटतं कारण तेवढ्यात अर्धा मिनिट जातो आणि तुम्ही हात वर केलेला असतो, फोनला आभाळ जरा जास्त मिळतं.

@घोडबंदरची_मी, कारण तुमच्या वर्णनातच आहे. उपग्रहाचा सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी यावरून फोन अंतर काढतो. सिग्नलचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर. दोन टॉवरच्या मधे उभं राहिलं की बाजूचे उपग्रह इमारतीआड जातात, त्यांचा सिग्नल थेट येत नाही, समोरच्या काचांवर आपटून येतो. तो 30 मीटर जास्त फिरून आला तर फोनला तो उपग्रह 30 मीटर लांब वाटतो. एवढ्यात गल्ली बदलते.

आणि एक गंमत बघा, ठिपका बहुतेक वेळा गल्लीच्या आडवा सरकतो, लांबीच्या दिशेने फारसा नाही. कारण गल्लीच्या दोन्ही तोंडांकडे आभाळाची पट्टी मोकळी असते, तिथले उपग्रह सरळ दिसतात. डावी-उजवी बाजू मात्र बंद. म्हणून तुम्ही भिंतीपलीकडे गेलात, पुढच्या चौकात नाही.

घोडबंदरची_मी
अहो हे अगदी असंच होतं! पलीकडच्या गल्लीत पण बरोब्बर आमच्या विंगच्या समोरच दाखवतं नेहमी. दोन वर्षं मला कळत नव्हतं का ते.

ऐरोली_ऐरोली
माझं पण असंच, पुलावर असलो की मॅप म्हणतं तू खाली आहेस, मग डावीकडे वळा डावीकडे वळा, पुलावरून कुठे वळू? दोनदा थेट ठाण्यात पोचलोय.

उलवेकर_सुमेध
दादा ते वेगळं, तिथे रस्ते एकावर एक आहेत, ठिपका बरोबर असला तरी ॲप त्याला कुठल्यातरी एका रस्त्यावर चिकटवतं. इथे उभ्या माणसाची गल्ली चुकतेय.

ऐरोली_ऐरोली
हो का, बरं. पण त्रास सारखाच ना.

सानपाड्याची_ताई
माझा भाऊ गाडी चालवतो, ॲपवरच, बेलापूर ते ठाणे सगळा पट्टा. त्याचं म्हणणं सांगते, कारण आपण पॅसेंजर लोक एक गोष्ट धरूनच चालतो की ड्रायव्हरला आपण दिसतोय. त्याचं नेव्हिगेशन जातं ते बुकिंग करताना ठेवलेल्या पिनवर. नंतर तुमचा ठिपका सुधारला, तुम्ही चालत पुढे गेलात, तरी त्याचा रस्ता पिनपर्यंतच आखलेला. लोक सांगतात "माझ्या फोनवर आता बरोबर दाखवतंय", पण त्याच्याकडे जुनीच पिन.

दुसरं म्हणजे पिन बिल्डिंगच्या डोक्यावर ठेवू नका. ॲप बिल्डिंगपासून जवळचा रस्ता पकडतं, आणि तुमचा फ्लॅट मागच्या बाजूला असेल तर जवळचा रस्ता मागचाच निघतो! पिन गेटबाहेरच्या डांबरावर ठेवायची. मग फोन करून एक वाक्य, "ठाण्याकडून येताना डाव्या हाताला, मेडिकलच्या शेजारचं गेट". तो म्हणतो बिल्डिंगच्या नावापेक्षा हात सांगा, डावा की उजवा, कारण नावं दोन्ही गल्ल्यांत सारखीच असतात, ए विंग इकडे बी विंग तिकडे.

पाचपाखाडी
हे डांबरावर पिन ठेवायचं आजच करते 🙏 भावाला सांगा धन्यवाद. सकाळी किती वाजता निघतात हो ते? आमच्या ह्यांना पण लावायची आहे गाडी, विचार चाललाय.

सानपाड्याची_ताई
साडेचार. जेवण माझ्याकडेच असतं त्याचं, डबा रात्रीच भरून ठेवते. व्यनि करते तुम्हाला.

कोपरखैरणे_नवीन
आमचं जरा निराळं. मार्चमध्ये कल्याणहून इकडे शिफ्ट झालो. हॉलमध्ये बसून गाडी बुक केली की पिकअप कल्याण! एका गाडीवाल्याने बुकिंग घेतलं पण, बिचारा निघाला सुद्धा. बाल्कनीत गेलं की कोपरखैरणे, आत आलं की कल्याण. फोन बदलून बघितला बायकोचा, तेच.

मोजणीवाला
वायफायचा राउटर जुनाच आणलात ना? घरात उपग्रह दिसत नाहीत, मग फोन आसपासच्या राउटरवरून जागा ओळखतो. तुमच्या राउटरची नोंद कल्याणची आहे. आजूबाजूच्या फोनकडून नवी जागा कळत जाते तसं आपोआप सुधारतं, थोडे दिवस लागतात. घाई असेल तर वायफायच्या नावाच्या शेवटी `_nomap` जोडा, म्हणजे तो राउटर लोकेशनसाठी वापरू नका असं सांगितलं जातं. तेही लगेच त्या मिनिटाला होत नाही. तोपर्यंत पिन हाताने.

कोपरखैरणे_नवीन
हो राउटर तोच!! घरच्यांना आत्ता वाचून दाखवलं, सगळे थक्क.

खारघर_से.20
मग वायफाय बंदच ठेवावं ना बाहेर पडताना?

मोजणीवाला
नाही नाही, उलट चालू ठेवा. टॉवरच्या मधे उपग्रह फसवतात तेव्हा आसपासची वायफायच आधार देतात. कनेक्ट व्हायची गरज नाही, नुसतं स्कॅनिंग चालू हवं. सेटिंगमध्ये लोकेशनखाली 'लोकेशन ॲक्युरसी' असतं, ते ऑन असू द्या.

घोडबंदरची_मी
दादा अजून एक, ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं असलं तर भरवसा ठेवायचा नाही, असं मी धरून चालते. बरोबर आहे का?

मोजणीवाला
मोठं असलं की नक्कीच नाही. फोन स्वतःच सांगतोय की मी इथे कुठेतरी आहे. तेव्हा पोर्चमधून बाहेर या, गल्लीच्या तोंडाकडे वीस-पंचवीस पावलं चाला, अर्धा मिनिट थांबा, वर्तुळ आकसतं.
पण छोटं वर्तुळ म्हणजे बरोबर, असं धरू नका. आपटून आलेले सिग्नल आपापसात जुळले तर फोन खात्रीने चुकीची जागा दाखवतो. म्हणून डोळ्यांनी ताळा करायचाच. मॅपवर तुमच्या डावीकडे मेडिकल आहे, प्रत्यक्षात कोणत्या हाताला आहे? उलट्या हाताला असेल तर तुम्ही पलीकडच्या गल्लीत आहात. उपग्रहावरून मोजणारा आमचा महागडा रोव्हरसुद्धा दोन टॉवरच्या मधे पक्की जागा देत नाही, अंदाजावरच अडकतो, मग दुर्बिणीचं टोटल स्टेशन लावून मोजतो. फोनकडून किती अपेक्षा करणार.

उलवेकर_सुमेध
दोन फ्रिक्वेन्सीवाले फोन आलेत ना आता, L1 आणि L5, माझा आहे. त्याने हा प्रॉब्लेम संपतो.

मोजणीवाला
कमी होतो. L5 ला थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल वेगळा ओळखणं सोपं जातं. पण थेट सिग्नल भिंतीआडच असेल तर ओळखणार काय?

उलवेकर_सुमेध
माझा तरी सीवूड्सला कधी चुकला नाही.

नेरुळ_पूर्व
माझा पण L5 वाला आहे, वाशीला सेक्टर 17 मध्ये चुकतो, रोज. त्यामुळे काय ते मला माहीत नाही.

कळव्याचा_पाऊस
माझं निरीक्षण, पावसाळ्यात जास्त चुकतं. ढग आडवे येत असणार.

मोजणीवाला
ढगापावसाने एवढा फरक पडत नाही, आम्ही पावसात पण रीडिंग घेतलीत.

कळव्याचा_पाऊस
मग माझं का चुकतं? जून ते सप्टेंबर, दरवर्षी.

सानपाड्याची_ताई
पावसात कुठे उभे राहता? आमचा भाऊ म्हणतो पावसात सगळे लॉबीत आत, लिफ्टपाशी उभे राहून बुक करतात.

कळव्याचा_पाऊस
…हो, लिफ्टपाशीच. छत्री उघडायच्या आधी बुक करतो. तरी मला ढगांचं पूर्ण पटलेलं नाही, यंदा बाहेर उभं राहून बघतो आणि इथेच लिहितो.

पाचपाखाडी
@घोडबंदरची_मी आईंचा गुडघा आता कसा आहे? माझ्या सासूबाईंना सांगितलंय डॉक्टरांनी, त्या तयारच होत नाहीत.

घोडबंदरची_मी
छान आहे हो, जिना चढते, एक एक पायरी करत का होईना, पण चढते. पहिले दीड महिने व्यायामाला खूप रडली, ते खोटं सांगत नाही. सासूबाईंना आईशी फोनवर बोलायचं असेल तर नक्की सांगा, ती तासभर बोलेल. आत्ता फिजिओकडेच निघालोय दोघी, गेटवर उभी आहे, गुलमोहराखाली पिन ठेवलीय, गाडी वळताना दिसतेय. संध्याकाळी लिहिते.