मदत हवी आहे: कथेतल्या सरांचा पुढचा प्रश्न काय असेल?

कथा पुण्यातल्या लॉ कॉलेजची. पहिलं वर्ष, खच्चून भरलेला वर्ग, काही पोरं खिडकीच्या कट्ट्यावर. सर अचानक नायिकेला उठवतात: ‘लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त’, 1913. तिने वाचलेलं नाही. सर घटना सांगतात: मालकाचा हरवलेला पुतण्या मुनीम शोधतो, 501 रुपयांचं बक्षीस मुनिमाच्या माघारी जाहीर झालेलं. ती म्हणते, “शोधलाय ना, मग द्या पैसे!” वर्ग हसतो.

इथे अडलेय. मागून कुजबुजलेलं उत्तर लिहून पाहिलं, फिल्मी झालं. सरांनी झापणंही नको. प्रस्ताव माहीतच नसेल तर स्वीकार होत नाही, हे तिने स्वतःच ओळखायला हवं. वकील मंडळी, कलम न सांगता सर तिला नेमकं काय विचारतील?