मदत हवी आहे: त्याचा रवी माझ्या चंद्रावर, अंशात्मक युती. मग मला निवांत का वाटत नाही?

निशिगंध
वैतागून विचारतेय. त्याचा रवी वृषभेत 12 अंश, माझा चंद्रही वृषभेत 12 अंश. म्हणजे युती, तीही अंशात्मक. सिनॅस्ट्रीवर, म्हणजे दोन पत्रिका एकमेकींशी ताडून पाहण्यावर, जिथे वाचावं तिथे हेच लिहिलेलं असतं, की रवी-चंद्र जुळले की माणसं एकमेकांपाशी विसावतात, शुक्र-मंगळ वगैरे नंतर. प्रत्यक्षात तो माझ्याजवळ अगदी निर्धास्त असतो आणि मी त्याच्याजवळ सतत सावध. मला काही लागलं-खुपलं तर त्याच्या लक्षातच येत नाही. मग ही युती कोण बिघडवतंय? शनी? "एकमेकांशी बोला" असले सल्ले कृपया नकोत.

अण्णा
जन्मतारखा, वेळा काहीच नाहीत. गुण किती जुळतात ते आधी सांगा.

निशिगंध
गुणांबद्दल विचारलेलंच नाही. मी 29 ऑगस्ट 1994, दुपारी 12:10. तो 3 मे 1991. त्याची वेळ माहीत नाही, पण रवीला वेळ कशाला हवी?

चंद्रिका
बरोबर आहे तुझं, रवी दिवसाला एकच अंश सरकतो. आणि स्त्रीचा चंद्र व पुरुषाचा रवी हीच खरी जोडी, उलट असेल तर धरत नाहीत. तुझी उत्तम आहे. त्याचा शनी तुझ्या चंद्राला बघतोय का ते तपास.

सरोजिनी
माझ्याही पत्रिकेत रवी-चंद्र युती आहे, अमावस्येचा जन्म. लहानपणापासून मन अस्थिर. मला मोती घालायला सांगितला होता. तू घातलास का?

शंकासुर
सरोजिनीताई, तुमची युती तुमच्या एकाच पत्रिकेतली. इथे एकाचा रवी आणि दुसऱ्याचा चंद्र असा प्रश्न आहे.

अवकाश
निशिगंध, हे अंश कुठून घेतले? दोघांचे एकाच ठिकाणाहून?

निशिगंध
माझे लहानपणी केलेल्या पत्रिकेतून. त्याची पत्रिका नाही, म्हणून एका इंग्रजी साइटवर तारीख टाकली. का?

अवकाश
कारण ही युती अस्तित्वातच नाही. तुझी पत्रिका निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली, आणि ती साइट सायन, म्हणजे वसंत संपातावरून मोजलेले अंश देते. त्या वर्षांत दोन्हींत पावणेचोवीस अंशांचा फरक होता. तुझा चंद्र सायनात नेला की मिथुनेच्या 5-6 अंशांवर जातो. त्याचा रवी वृषभ 12 वर आहे. मध्ये सुमारे 24 अंश पडले, एवढ्यावर कुणीच युती धरत नाही. दोघांचेही निरयन घेतलेस तरी अंतर तेवढंच येईल. एकाचं हे आणि दुसऱ्याचं ते घेतलं की मात्र सगळं कोसळतं.

आता उलट बाजू बघ. तुझा रवी सायन कन्या 5-6 अंश. 3 मे 1991 ला दुपारी बाराला चंद्र मकरेच्या 1 अंशाच्या आसपास होता. म्हणजे त्याचा चंद्र तुझ्या रवीशी नवपंचमात, म्हणजे 120 अंशांच्या त्रिकोणात, पाचेक अंशांच्या फरकाने. त्या दिवशी चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालत होता. जन्म पहाटेचा असेल तर फरक आठ अंशांवर जातो आणि योग सोडून द्यावा लागेल. संध्याकाळचा असेल तर दीड-दोन अंशांत येतो. त्याची वेळ लागते ती इथे.

चंद्रिका
पण रवी-चंद्राला फक्त सातवी दृष्टी असते! हे नवपंचम कुठून आणलं?

अवकाश
आपल्या पद्धतीत सातवीच, मान्य. पण तिने सिनॅस्ट्री विचारलीय, तिथे योग अंशांवर मोजतात. आणि "उलट असेल तर धरत नाहीत" हे कुठलं? दुसऱ्या शतकातला टॉलेमी विवाह टिकण्याबद्दल लिहितो तेव्हा दोघांचे रवी-चंद्र त्रिकोणात किंवा 60 अंशांच्या लाभयोगात असावेत असं म्हणतो, आणि त्यातही नवऱ्याचा चंद्र व बायकोचा रवी या जोडीला जास्त वजन देतो.

निशिगंध
ठीक, युती नाही. पण मग तो निवांत आणि मी नाही, हे कसं?

अवकाश
या योगात दोघांचा वाटा सारखा नसतो. रवी म्हणजे माणूस मुद्दाम काही न करता जसा असतो तो. चंद्र म्हणजे दमल्यावर, घाबरल्यावर, आजारी पडल्यावर त्याला जे लागतं ते. एकाचा रवी दुसऱ्याच्या चंद्राला लागला की पहिला नुसता स्वतःसारखा वागतो आणि दुसऱ्याची गरज भागते. कुणाला मागावं लागत नाही, कुणाला आठवणीने द्यावं लागत नाही. ज्योतिषी याला पाया म्हणतात ते यासाठीच. शुक्र-मंगळाची ओढ कमी-जास्त होते, पण सवयी आणि मूड रोजचे असतात. विसावा मात्र आधी चंद्रवाल्याला मिळतो. तुमच्यात तो चंद्रवाला आहे. तुझ्या चंद्राला त्याच्या रवीकडून काही येत नाही. तुझं वर्णन याच्याशी जुळतं.

अण्णा
निरयनात मुलीची रास वृषभ, मुलाची धनू. षडाष्टक! भकूटाचे सातही गुण गेले. एवढं साधं सोडून कुठे फिरताय?

अवकाश
अण्णा, षडाष्टक आहे, नाकारत नाही. पण ते चंद्र-चंद्र झालं. छत्तीस गुणांत रवी कुठेच नाही, त्यामुळे तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळणार नाही.

अण्णा
पिढ्यानपिढ्या चालत आलंय ते उगाच नाही.

पाऊलवाट
आमची सांगते. त्याचा रवी माझ्या चंद्रावर, एक अंशाचा फरक, दोन्ही पत्रिका एकाच पद्धतीच्या. न बोलता सगळं कळतं, हे खरं. पण पैशावरून आम्ही वेगळे व्हायच्या बेतात आहोत. शेजारी बसून बरं वाटणं वेगळं आणि संसार चालणं वेगळं.

शंकासुर
जरा हिशोब. युती, प्रतियोग, दोन त्रिकोण, दोन केंद्र, दोन लाभयोग, म्हणजे चक्रावर आठ जागा. दीप्तांश, म्हणजे योगाला दोन्ही बाजूंनी दिलेली सूट, सहा धरले तर प्रत्येक जागा बारा अंशांची, एकूण 96 अंश. 360 पैकी 96 म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के. दोन्ही बाजूंनी मोजलं तर कुठल्याही अनोळखी जोडीत काहीतरी सापडायची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते. मानसशास्त्रज्ञ युंगनेही मोजून पाहिलं होतं, 1952 मध्ये छापलं. पहिल्या 180 विवाहित जोडप्यांत स्त्रीचा चंद्र-पुरुषाचा रवी ही युती सगळ्यांत वर आली. पुढच्या 220 जोडप्यांत चंद्र-चंद्र वर आली. टिकलं काय?

अवकाश
हिशोब बरोबर आहे, म्हणूनच मी केंद्र आणि लाभयोग सहा अंशांनी मोजत नाही. तीन अंशांच्या आतली युती एका बाजूने साठात एखादीच निघते. युंगचं म्हणशील तर एकत्रित आकडे काही सिद्ध करत नाहीत, हे त्यानेही मान्य केलं होतं. मी सिद्ध झालंय म्हणत नाही, परंपरा असं का मानते ते सांगतोय.

चंद्रिका
मग केंद्रयोग वाईट समजायचा का? माझ्या ओळखीत केंद्रयोगवालीच जोडपी टिकलीत.

शंकासुर
निम्म्या जगात काहीतरी आहे म्हटल्यावर टिकणाऱ्यांतही सापडणारच की.

निशिगंध
त्याच्या आईला विचारलं. म्हणाली संध्याकाळ होती, दिवे लावले होते, पण आकडा आठवत नाही. म्हणजे सात धरू? आणि माझ्या चंद्राचं काय? त्याचा दुसरा एखादा ग्रह मिथुनेत असेल तर चालतो का, की रवीच लागतो?

अवकाश
सात धरलेस तर चंद्र मकरेत साडेचारच्या आसपास, तुझ्या रवीपासून सव्वा अंशावर. तासभर इकडेतिकडे झालं तरी योग मोडत नाही, त्यामुळे आकड्यासाठी आईंना छळू नकोस. तुझ्या चंद्राजवळ त्याचा शुक्र किंवा गुरू असेल तर माया मिळते, पण रवीइतकी सततची नाही, असा माझा अनुभव. त्याचे सगळे ग्रह एकाच पद्धतीने काढून इथे टाक. यावेळी दोघांचेही सायन.

सरोजिनी
मोत्याचं कुणी सांगितलंच नाही.