अध्यक्षीय मनोगतातली ‘गरुडझेप’: सौम्य शब्द सुचवा

अहवालवाली: आमच्या पतसंस्थेचा अहवाल छापायला जायचाय. अध्यक्षांच्या मनोगतात असं वाक्य आहे: ‘माझ्या कुशल नेतृत्वाखाली संस्थेने अभूतपूर्व गरुडझेप घेऊन ठेवींचा ४७ कोटींचा विक्रमी टप्पा गाठला असून एनपीए शून्य आहे.’ गेल्या वर्षी ठेवी ४२ कोटी होत्या. अध्यक्षांचा मान राखून सभासदांना पटेल असं करायचंय.

बोरू: विशेषणं सगळी काढा. ‘विक्रमी’ ही निव्वळ फुशारकी.

ताळेबंद: विक्रमी खोटं नाही हो. आकडा आजवरचा सर्वांत मोठा असेल तर शब्द बरोबरच. पण ठेवी वाढत असलेल्या संस्थेत तो दर ३१ मार्चला खरा ठरतो, त्यामुळे सभासदाला नवं काही कळत नाही. ‘अभूतपूर्व’ मात्र तपासा. ४२चे ४७ म्हणजे सुमारे १२ टक्के वाढ. आधीच्या एखाद्या वर्षी याहून जास्त झाली असेल तर तो शब्द गेलाच. शिवाय ८ टक्क्यांनी ४२ कोटींवर वर्षाचं व्याज ३ कोटी ३६ लाख होतं. बऱ्याच जणांनी मुदतठेवी व्याजासकट पुन्हा ठेवल्या असतील, तर त्या ५ कोटींत बाहेरून आलेला पैसा थोडाच. विश्वास वाढला म्हणायचं तर नवे ठेवीदार किती ते सांगा.

मला खरी काळजी ‘एनपीए शून्य’ची वाटते. ढोबळ की निव्वळ?

अहवालवाली: निव्वळ. ढोबळ ४.८ टक्के आहे. नवे ठेवीदार ६१०.

ताळेबंद: मग ‘निव्वळ’ गाळू नका. निव्वळ शून्य म्हणजे थकलेल्या कर्जापोटी पुरेशी तरतूद केली आहे. ती कर्जं वसूल झाली, असा त्याचा अर्थ नाही. त्याच अहवालात पुढे ताळेबंद आहे, तो उघडून बघणारा सभासद सभेत उभा राहिला की बाकीचं मनोगतही कुणी खरं मानत नाही.

गच्चीवरून: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या अध्यक्षांनी ‘माझा खारीचा वाटा’ लिहिलं होतं. तसं चालेल?

ताळेबंद: नको. अध्यक्षांना जबाबदारी असते, खारीला नसते. मी असं लिहीन:

‘३१ मार्चअखेर ठेवी ४२ कोटींवरून ४७ कोटींवर गेल्या आणि ६१० नवे ठेवीदार संस्थेशी जोडले गेले. ढोबळ एनपीए ४.८ टक्के असून त्यापोटी पूर्ण तरतूद केल्याने निव्वळ एनपीए शून्य आहे. थकीत कर्जाची वसुली हे येत्या वर्षातील माझे पहिले काम राहील.’

शेवटचं वाक्य अध्यक्षांना विचारूनच घाला, ते वचन आहे.

बोरू: विक्रमीचं मान्य. पण ‘माझे’ का? ‘संचालक मंडळाचे’ हवं.

ताळेबंद: मनोगत अध्यक्षांचं आहे. श्रेय मंडळाला द्यावं, जबाबदारी स्वतःकडे घ्यावी.

बोरू: वसुलीचा निर्णय मंडळच घेतं. मला पटत नाही.

अहवालवाली: दोन्ही मसुदे नेते. ‘भरीव वाढ’ एवढं तरी ठेवा, असं ते म्हणतीलच.

ताळेबंद: ठेवा, पण १२ टक्के हा आकडा त्याच्या शेजारीच असू द्या.