मांगा: शोनेन म्हणजे निर्धास्त, सेनेन म्हणजे मोठ्यांचं?

गौरी_डोंबिवली
लेकीला तेरावं लागलंय. वाढदिवसाला तिला मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, हवाय. नाव चेनसॉ मॅन. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पालकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय: "शोनेन आणि शोजो निर्धास्त द्या, सेनेन आणि जोसेई कपाटात ठेवा. शोनेन मुलाला, शोजो मुलीला. एवढं लक्षात ठेवलं की झालं." चेनसॉ मॅन शोनेन आहे म्हणे. मग घेऊ ना?

निशिकासाईकर
थांबा, लगेच घेऊ नका. हा "नियम" मी इतक्या ठिकाणी वाचलाय की आता संताप येतो. पालक विश्वास ठेवतात, चार-पाचशे रुपये मोजतात आणि पोराच्या हातात भलतंच पडतं.

शोनेन म्हणजे शाळकरी मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेनेन म्हणजे मोठे पुरुष, जोसेई म्हणजे मोठ्या बायका. या चार नावांवरून गोष्टीत काय आहे ते कळत नाही. ती गोष्ट आधी कोणत्या मासिकात किंवा साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आली आणि त्या मासिकाने वाचक म्हणून कोणाला डोळ्यांसमोर ठेवलं होतं, एवढंच कळतं. इथे तोक्योत दुकानात मांगाची कपाटंसुद्धा प्रकाशक आणि मासिक बघूनच लावतात. भयकथा इकडे, प्रेमकथा तिकडे, असं नसतं.

आता तुमचंच उदाहरण घ्या. डीमन स्लेयर आणि चेनसॉ मॅन, दोन्ही साप्ताहिक शोनेन जंपमध्ये आले. चेनसॉ मॅनचा पहिला भाग २०१८ च्या शेवटी सुरू झाला तेव्हा डीमन स्लेयर त्याच अंकांत चालू होतं. शिक्का एकच, शोनेन. पण दोन्ही इंग्रजीत काढणाऱ्या विझ या प्रकाशकाच्या आवृत्तीत डीमन स्लेयरवर 'टी' आहे, म्हणजे तेरापासून पुढे, आणि चेनसॉ मॅनवर 'टी प्लस', म्हणजे सोळापासून पुढे. मुंडकी दोन्हीकडे उडतात. पण चेनसॉ मॅनमधला नायक कर्जात बुडालेला, उपाशी, प्रेमाला हपापलेला पोरगा आहे आणि मोठी माणसं त्याच्या याच भुकेचा वापर करून घेतात. त्यात लैंगिक आमिषही उघड आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्यातली फसवणूक दिसते. तेराव्या वर्षी ती दिसेलच असं नाही.

ॲनिमेवाला_संकेत
दादा, तुम्ही दुसऱ्या टोकाला जाताय. शोनेन मासिकं शाळकरी पोरांसाठीच निघतात, तिथे संपादक बसलेले असतात, वाट्टेल ते छापत नाहीत. सेनेनमध्ये बर्सर्कसारखं रक्तबंबाळ येतं, ते तेरा वर्षांच्या मुलाला देणार का? सरसकट पालकांना हा नियम पुरेसा आहे. शिवाय जपानी पुस्तकात सोपी खूण असते: कांजी म्हणजे चिनी वळणाची अवघड अक्षरं, त्यांच्याशेजारी उच्चार सांगणारा बारीक फुरिगाना असेल तर मुलांचं, नसेल तर मोठ्यांचं.

निशिकासाईकर
फुरिगानाचं बरंचसं बरोबर आहे, मान्य. पण गौरीताई दुकानातून इंग्रजी प्रत घेणार. त्यात ना कांजी, ना फुरिगाना, त्यामुळे ती खूण त्यांच्या काय कामाची? आणि शब्द वाचता येतो म्हणून आशय झेपतो असंही नाही.

संपादकांचं म्हणाल तर टू लव रू बघा. २००६ ते २००९ साप्ताहिक शोनेन जंपमध्येच चाललं. अमेरिकेत इंग्रजीत आणताना प्रकाशकाने ते प्रौढांसाठी काढलेल्या वेगळ्या छापाखाली आणलं. तुमच्या नियमाने तेही निर्धास्त द्यायचं.

आणि बर्सर्क ज्या यंग ॲनिमल मासिकात आलं, त्याच मासिकात मार्च कम्स इन लाइक अ लायन येतं. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ खेळणारा एकटा पडलेला मुलगा, शेजारच्या वस्तीतल्या तीन बहिणी, त्यांच्या घरचं जेवण. त्यातल्या मधल्या बहिणीच्या शाळेत छळ होतो तो भाग मी माझ्या मुलाबरोबर बसून वाचला, तो तेव्हा आठवीत होता. दोन्ही पुस्तकं सेनेन. कपाटात ठेवायचं तर दोन्ही ठेवा, नाहीतर नियम सोडा.

प्रमोद_सांगलीकर
तुम्ही उगाच गुंतागुंत करताय. मूळ मुद्दा असा की मुलीला मुलीचं पुस्तक द्यावं. माझी नात अकरावीत आहे. तिला मारामारीचं काही लागत नाही. शोजो म्हणून वेगळं काढलंय ते कशासाठी? मुलींची आवड वेगळी असते म्हणूनच ना!

वैदेही_नाशिक
काका, हेच ऐकून ऐकून कान किटलेत. मागच्या दिवाळीत मुलीला घेऊन एका दुकानात गेले होते. तिने फुलमेटल अल्केमिस्ट उचललं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, "हे बॉइजचं आहे बेटा, गर्ल्सचं त्या रॅकवर." मुलीने पुस्तक परत ठेवलं आणि तिथून घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्या-काढणाऱ्या हिरोमू अराकावा स्वतः बाई आहेत! होक्काइदोतल्या दुधाचा धंदा करणाऱ्या घरात वाढलेल्या. टोपणनाव मुद्दाम पुरुषी घेतलं. शोनेन जंप काय, दुसरी शोनेन मासिकं काय, मुली सर्रास वाचतात. हे त्या दुकानदाराला सांगणार कोण?

प्रमोद_सांगलीकर
दुकानदाराचा राग माझ्यावर काढू नका. मी कोणाला वाचायला बंदी केलेली नाही. आवड असते एवढंच म्हटलं.

वैदेही_नाशिक
"मुलीला मुलीचं पुस्तक द्यावं" हे तुमचंच वाक्य आहे, वर जाऊन वाचा. आणि तुमच्या भरवशाच्या शोजोत काय असतं ते तरी माहीत आहे का? नाना वाचा. कुकी मासिकात आलं, शोजो म्हणून विकलं जातं. नको असताना राहिलेला गर्भ, नशापाणी, माणसाला पोखरून टाकणारी नाती. सुंदर आहे, मला फार आवडतं, पण "शोजो म्हणजे निर्धास्त" म्हणून तेरा वर्षांच्या मुलीला देणार का?

ॲनिमेवाला_संकेत
कुकी खरं तर थोड्या मोठ्या मुलींचं मासिक. नाना जवळजवळ जोसेईच. हे उदाहरण धरू नका.

वैदेही_नाशिक
वा, म्हणजे नियमात बसलं नाही की डबा बदलायचा.

निशिकासाईकर
नानाबद्दल इथल्या वाचकांतही एकमत नाही, ते सोडा. पण डबा बदलतो हे खरंच आहे. विनलँड सागा २००५ मध्ये साप्ताहिक शोनेन मॅगझिनमध्ये सुरू झालं. दर आठवड्याला पानं देणं लेखकाला जमेना, म्हणून त्याच वर्षी ते आफ्टरनून या मासिकात गेलं. आफ्टरनून सेनेन मासिक आहे. गोष्ट तीच, लेखक तोच, तलवारीने हातपाय तुटणं तेच. एका वर्षात शोनेनचं सेनेन झालं, तेही कामाच्या वेळापत्रकामुळे. यावर पालकाने काय ठरवायचं?

प्रमोद_सांगलीकर
हे मला माहीत नव्हतं. बरं, शिक्क्यावर जाऊ नये हे धरून चालू. पण मग नेमकं बघायचं कशावर? सगळं आपणच आधी वाचायचं का? नोकरी करणाऱ्या आईबापाला कुठला वेळ?

तनया_बारावी
मी सतरा वर्षांची आहे म्हणून बोलते. तुम्ही पुस्तकाच्या रॅकवरून भांडताय आणि आमच्या वर्गात कोणीच पुस्तक विकत घेत नाही. सगळे मोबाईलवर फुकटच्या साइटवर वाचतात. तिथे वयाची पाटी नसते, बाजूला घाण जाहिराती असतात. गौरीकाकू, तुम्ही नाही म्हणालात तर ती तिथे जाईल. मी तेराव्या वर्षी तसंच केलं. आणि ज्याचा त्रास झाला ते सेनेन नव्हतंच. अ सायलेंट व्हॉइस होतं, साप्ताहिक शोनेन मॅगझिनमधलं. बहिऱ्या मुलीचा वर्गात छळ, पुढे जीव द्यायचा प्रयत्न. पुस्तक चांगलंच आहे, मी ते परत वाचलं. पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याबद्दल बोलायला घरात कोणी नव्हतं, कारण मी लपून वाचत होते.

प्रमोद_सांगलीकर
तनया, तुझं म्हणणं गंभीर आहे. पण म्हणून आईने काहीच अडवू नये, हे मला पटत नाही.

तनया_बारावी
अडवू नये असं मी म्हटलंच नाही. नुसतं नाही म्हणू नये एवढंच म्हटलं.

निशिकासाईकर
तनया बोलली ते मीच आधी बोलायला हवं होतं.

प्रमोदकाका, सगळं वाचावं लागत नाही. विझच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला बारकोडजवळ ए, टी, टी प्लस किंवा एम असं अक्षर असतं. ए म्हणजे सगळ्यांसाठी, एम म्हणजे प्रौढांसाठी. आत प्रकाशनाचा तपशील छापलेलं पान असतं, इंग्रजी मांगात ते बरेचदा अगदी शेवटी. तिथे पालकांसाठी वाक्य असतं: हे पुस्तक अमुक वयापासून पुढे, यात तीव्र हिंसा आहे, वगैरे. ते वाक्य अक्षरापेक्षा जास्त सांगतं, कारण सोळाचा आकडा कशामुळे लागला ते त्यातून कळतं. काही घरांत रक्त चालतं, लैंगिक विनोद चालत नाहीत. काही घरांत उलट. कोडान्शा या दुसऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकांवर तेरा, सोळा असे आकडेच असतात. ही वयं इंग्रजी प्रकाशकांनी अमेरिकेतल्या दुकानांसाठी घातलेली आहेत, त्यामुळे तीही आपल्या घराला शंभर टक्के लागू होतील असं नाही.

पुस्तकावर प्लास्टिक असेल आणि ते जंपमधलं असेल तर शोनेन जंपच्या ॲपवर पहिली तीन प्रकरणं भारतातही फुकट वाचता येतात. अर्धा तास लागतो. फक्त तीन प्रकरणांवरून पुढचं सगळं कळत नाही. फुलमेटल अल्केमिस्टवर 'टी' आहे, पहिला खंड धमाल साहसाचा वाटतो आणि दुसऱ्या खंडात एक बाप स्वतःच्या लहान मुलीशी जे करतो ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. तरीही गौरीताईंच्या मुलीला मी तेच सुचवीन. ती घटना कोण का करतं आणि त्याची किंमत काय, याचं भान पुस्तक शेवटपर्यंत सोडत नाही. दुसरा खंड तेवढा तुम्ही आधी वाचा.

ॲनिमेवाला_संकेत
फुलमेटलला माझाही पाठिंबा. आणि ठीक आहे, बर्सर्क आणि मार्च एकाच मासिकात हे मला माहीत असून मी विसरलो होतो. पण ज्याला काहीच बघायला वेळ नाही त्याने निदान सेनेन टाळावं, हे माझं मत कायम आहे.

निशिकासाईकर
मग तो मार्चही टाळेल आणि टू लव रू घरी आणेल. माझंही मत कायम.

गौरी_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. काल लेकीला सरळ विचारलं, चेनसॉ मॅनच का? वर्गातल्या दोघी वाचतात म्हणून. मोबाईलवर तिने आधीच थोडं वाचलंय, हेही कळलं. तनया, तू म्हणालीस तसंच. आज फुलमेटलचे पहिले दोन खंड मागवले, दुसरा मी आधी वाचणार हे तिला सांगून. चेनसॉ मॅनचं अजून ठरवलेलं नाही. जे वाचून झालंय ते माझ्याबरोबर परत वाचू म्हटलं तर म्हणाली, "तुला नाही आवडणार." ॲपवर तीन प्रकरणं वाचून बघते.

वैदेही_नाशिक
तिसऱ्याच्या पुढेही वाचा. त्यातल्या माकिमाबाई कशा आहेत ते तीन प्रकरणांत कळत नाही, आणि लेकीशी बोलायचं तर त्यांच्याबद्दलच बोलावं लागेल.